'डीएम करा' म्हणण्याआधी

प्रश्न: ताई, चप्पल लाईनीत आमचं दुकान आहे, दोन वर्षांपासून इन्स्टावरूनही ऑर्डरी घेतो. मागच्या आठवड्यात पुण्याच्या एका ग्राहकाने आमच्या रीलखाली लिहिलं, 'पार्सल उघडलं तर पट्ट्यावर पांढरी बुरशी, डाव्या चपलेची अंगठ्याजवळची शिलाई उसवलेली.' स्टोरीला फोटो टाकून आम्हाला टॅगही केलं. मी खाली लिहिलं, 'सॉरी सर, डीएम करा.' त्यावर चार जण तुटून पडले, 'लपवता कशाला? इथंच बोला.' आता सगळं चव्हाट्यावर बोलायचं का? आणि आत न्यायचं तर लपवतोय असं न वाटता कसं न्यायचं?

उत्तर:

तुम्ही त्यांना आत बोलावलंत ते बरोबरच होतं, पण रिकाम्या हाताने बोलावलंत. तुमचं वाक्य एकदा त्या ग्राहकाच्या जागी बसून वाचा. फोटो बघितला का, जोड बदलून मिळणार का, लिहिणारा मालक आहे की दुकानातला पोरगा, यातलं काहीच त्यातून कळत नाही. वर काम त्यालाच लावलंय. ज्याचे पैसे अडकलेत त्यानेच परत मेसेज करायचा, परत फोटो पाठवायचे, परत पहिल्यापासून हकीकत सांगायची. आणि जे बाकीचे वाचत होते त्यांच्या तोंडावर दार लागलं. ते चार जण तुमचे वैरी नाहीत. त्यातल्या एखाद्याने तुमच्याकडून जोड मागवायचं मनात धरलेलं असतं, आणि आपल्यावर अशी वेळ आली तर हा दुकानदार काय करेल, एवढंच तो बघत असतो.

गेली बरीच वर्षं मी कोल्हापुरातल्या छोट्या विक्रेत्यांच्या ऑनलाइन तक्रारी सांभाळते. गूळ, काकवी, कांदा-लसूण मसाला, हुपरीची चांदी आणि पायताणं तर आहेतच. एवढ्या दिवसांत माझी एक वाटणी पक्की झाली आहे. आत न्यायचा तो फक्त माणसाचा खाजगी तपशील: पत्ता, फोन, ऑर्डर नंबर, पैसे कुठे पाठवायचे ते. मालात काय बिघाड दिसतोय, आपण काय भरून देणार, कधीपर्यंत देणार आणि शेवटी काय झालं, या चार गोष्टी जिथं तक्रार झाली तिथंच, सगळ्यांसमोर राहतात. हे चार बाहेर असले की आतलं बोलणं कुणाच्या डोळ्यात येत नाही, कारण आत काय चाललंय हे सगळ्यांना ठाऊक असतं.

आता क्रम. आधी तुम्ही ग्राहकाला मेसेज करायचा आणि मगच बाहेर लिहायचं. बहुतेक जण उलटं करतात आणि ग्राहकाची वाट बघत बसतात. त्याने मेसेज केला नाही की, 'आम्ही बोलावलं होतं, तेच आले नाहीत' असं म्हणायला मोकळे होतात. त्याची चूक नसताना पुढाकार त्याने का घ्यावा? पण इथं इन्स्टाची एक अडचण आहे. तो माणूस तुम्हाला फॉलो करत नसेल तर तुमचा मेसेज त्याच्या नेहमीच्या इनबॉक्समध्ये पडत नाही, 'मेसेज रिक्वेस्ट' मध्ये जाऊन बसतो आणि बऱ्याच जणांना तो दिवसेंदिवस दिसत नाही. म्हणून मेसेज केल्याचं बाहेरच्या उत्तरात सांगायचं आणि तो कुठे सापडेल तेही सांगायचं. ऑर्डर तुमच्या वहीत सापडत असेल तर ज्या नंबरवरून ऑर्डर आली त्याच व्हॉट्सॲपवर लिहा. ते सगळ्यात सरळ पडतं.

तुमच्या बाबतीत मी बाहेर असं लिहिलं असतं:

'सर, मी दुकानाचा मालक बोलतोय. (इथं तुमचं नाव.) तुमचे फोटो बघितले. पट्ट्यावर पांढरा थर दिसतोय आणि डाव्या चपलेची अंगठ्याजवळची शिलाई उसवलेली आहे. असा जोड तुमच्या हातात जायला नको होता, माफ करा. नवा जोड किंवा पूर्ण पैसे, तुम्ही म्हणाल ते देतो. जुना जोड परत न्यायची व्यवस्था आणि खर्च आमचा. तुम्हाला आत्ताच मेसेज केला आहे, कदाचित मेसेज रिक्वेस्टमध्ये असेल. तिथं फक्त ऑर्डर नंबर आणि पत्ता हवा आहे, तो इथं सगळ्यांसमोर लिहू नका. काय ठरलं ते उद्या संध्याकाळी सहापर्यंत मी इथंच लिहितो.'

यातली दोन-तीन वाक्यं जरा उलगडून सांगते, कारण पुढच्या वेळी शब्द तुमचे असणार.

'डाव्या चपलेची अंगठ्याजवळची शिलाई' हे मुद्दाम लिहिलंय. फोटो खरंच उघडून बघितल्याशिवाय हे लिहिता येत नाही, आणि ते ग्राहकालाही कळतं, वाचणाऱ्यालाही. 'आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहोत' हे कुठल्याही तक्रारीखाली चिकटवता येतं, म्हणून त्याला किंमत राहत नाही.

'पांढरा थर दिसतोय' असं म्हटलं, 'बुरशी आहे' असं नाही आणि 'बुरशी नाही' असं तर मुळीच नाही. डोळ्याला दिसतं तेवढं कबूल करायचं. कारण माहीत नसताना स्वतःवर घ्यायचं नाही आणि कुरिअरवर किंवा ग्राहकावरही ढकलायचं नाही. भरपाई मात्र कारणावर अडकवायची नाही. जोड खराब पोचला हे फोटोत दिसतंय, भरपाईला तेवढं पुरे.

आणि 'उद्या संध्याकाळी सहा'. 'लवकरात लवकर' म्हणजे कधी, हे कुणालाच माहीत नसतं. वेळ लिहिली की बघणारे उद्यापर्यंत थांबतात, हे मी कितीदा पाहिलंय. पण मग सहाला तिथं हजर राहावंच लागतं. काही ठरलं नसेल तर 'अजून बोलणं झालं नाही' एवढं तरी लिहावं लागतं. दिलेली वेळ चुकली तर मुळात दिली नसती तर बरं झालं असतं, अशी गत होते.

पहिल्या उत्तरात एक गोष्ट कधीही लिहू नका: 'सर, हे अस्सल चामडं आहे, पावसाळ्यात असं होतंच.' खरं आहे ते. आपल्या चपलेचं चामडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं असतं, ओल लागली की त्यावर बुरशी धरते, हे कोल्हापुरात लहान पोरालाही माहीत आहे. पण पैसे मोजून बुरशी लागलेलं पायताण हातात आलेल्या माणसाला हे सांगणं म्हणजे, 'तुम्हाला कळत नाही' असं तोंडावर म्हणणं. हीच माहिती भरपाई झाल्यावर सांगितली तर तो ती लक्षपूर्वक ऐकतो, कधी कधी स्वतःहून विचारतो.

'पार्सल उघडतानाचा व्हिडिओ आहे का?' हाही प्रश्न बाहेर विचारायचा नाही. व्हिडिओ मागणं म्हणजे सगळ्यांसमोर त्याला खोटं ठरवणं. शिवाय, व्हिडिओ नसेल तर माल परत घेणार नाही अशी पाटी बरेच जण लावतात, पण तेवढ्याने सुटका होत नाही. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे सदोष माल परत घ्यायला ऑनलाइन विक्रेत्याला नकार देता येत नाही. तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांच्या आत द्यायची आणि एका महिन्यात ती निकाली काढायची, हेही त्याच नियमांत आहे. ग्राहकाने राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरला फोन लावला तर तुमचं ते 'डीएम करा' उत्तर म्हणून फार दुबळं ठरेल.

आता आतलं बोलणं. इथं एकच पथ्य: आत लिहिलेली प्रत्येक ओळ उद्या स्क्रीनशॉट होऊन बाहेर येणार असं धरून लिहा. बाहेर गोड आणि आत कोरडं, हे एकदा उघडं पडलं की मग कुणी विश्वास ठेवत नाही. पहिला मेसेज छोटा असू दे. 'आमच्या रीलखाली तुम्ही चपलेबद्दल लिहिलंत, त्यासाठी मेसेज करतोय. नवा जोड पाठवू की पैसे परत करू? जोड हवा असेल तर पत्ता तोच आहे ना, एवढं कळवा.' दोन्ही पर्याय पुन्हा लिहायचे, बाहेर दिले होते तेच. आत गेल्यावर 'पैसे नाही, कूपन देतो' असं सुरू झालं की समोरचा लगेच ओळखतो, आणि मग तो जे बाहेर लिहील ते पुसता येत नाही.

भरपाई ठरल्यावर मग शांतपणे कारण शोधायचं. पांढरा थर दोन प्रकारचा असतो. एक बुरशी, जी कापसासारखी, ठिपक्याठिपक्यांनी उठते, हाताला लागते आणि तिला ओल्या कपाटासारखा वास येतो. दुसरा चामड्यातला तेलकट अंश वर येऊन गोठल्याचा, तो सपाट आणि मेणासारखा असतो. केस वाळवायच्या ड्रायरची गरम हवा थोडा वेळ लांबून दिली की मेणासारखा थर विरघळून दिसेनासा होतो, बुरशी मात्र तशीच राहते. हे ग्राहकाकडून करून घेऊ नका. जोड परत आल्यावर तुम्ही करा. पण त्याला विचारायला हरकत नाही, 'पार्सलची पिशवी आतून दमट होती का?' हा प्रश्न आत चालतो, कारण इथं तो चौकशीसारखा वाटतो. तोच बाहेर विचारला असता तर उलटतपासणी वाटली असती.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. 'पोस्ट काढा, मग पैसे पाठवतो' हे आत, बाहेर, फोनवर, कुठंही म्हणायचं नाही. सुचवायचंही नाही. गूगलवरच्या रिव्ह्यूंच्या बाबतीत तर पैसे किंवा सूट देऊन वाईट रिव्ह्यू काढून घेणं गूगलच्या धोरणातच बसत नाही, दुकानाच्या नोंदीवर कारवाई होऊ शकते. पण धोरण बाजूला ठेवलं तरी विचार करा. लपवतोय हा जो आरोप तुमच्यावर होता, तो या एका वाक्याने तुम्ही स्वतःच खरा करून दिला. राजारामपुरीतल्या एका मसालेवाल्यांचं असं झालं होतं. फुटलेल्या बरणीचे पैसे त्यांनी त्याच दिवशी दिले होते, माणूस चांगला, फक्त शेवटी सहज लिहून गेले, 'आता तेवढं कमेंट काढून टाका ना ताई.' त्या बाईंनी तेवढ्याच ओळीचा फोटो टाकला. पैसे दिले होते हे कुणी वाचलंही नाही. ग्राहक स्वतःहून विचारेल, 'काढू का?' तेव्हा म्हणायचं, 'तुमची मर्जी, राहिलं तरी आम्हाला चालतंय.' आणि ते खरंच चालतंय. खाली तुमचं नीट उत्तर असलेली तक्रार नवीन ग्राहकाला, काही आलंच नाही अशा रिकाम्या पानापेक्षा जास्त धीर देते.

ग्राहक आत आलाच नाही तर? ठरल्या वेळी बाहेर एकदाच लिहा: 'सर, अजून बोलणं झालं नाही. तुमच्या मापाचा नवा जोड बाजूला काढून ठेवला आहे, कळवाल तेव्हा पाठवतो.' 'तीन वेळा फोन केला, उचलला नाही' असं लिहू नका, त्यातून तुम्हीच ग्राहकाविरुद्ध तक्रार केल्यासारखं होतं. आणि तो म्हणाला, 'जे बोलायचं ते इथंच', तर इथंच बोला. जोड की पैसे हे बाहेर ठरवायला तुमचं काय जातंय? पत्ता तर तुमच्या वहीत आहेच.

रागाच्या भरात कुणी स्वतःचा फोन नंबर किंवा घरचा पत्ता कमेंटमध्ये टाकतो. तेव्हा लगेच मेसेज करून तो भाग त्यालाच काढायला सांगा. तो ऑनलाइन नसेल आणि तुम्हाला कमेंट लपवावीच लागली, तर त्याच जागी लिहा: 'ग्राहकाचा नंबर उघड झाला होता म्हणून ती कमेंट झाकली आहे. तक्रार अशी होती:' आणि पुढे त्यांची तक्रार त्यांच्याच शब्दांत उतरवा, नंबर वगळून. न सांगता झाकायचं नाही. फेसबुकवर झाकलेली कमेंट लिहिणाऱ्याला आणि त्याच्या मित्रांना दिसतच राहते. त्यामुळे झाकलंय हे त्याला लगेच कळत नाही, पण दुसऱ्या कुणी सांगितलं की तो दुप्पट चिडतो.

यात अलीकडे एक नवं दुखणं आलंय. भामटे अशा उघड तक्रारींवर टपलेले असतात. तुमच्या दुकानाच्या नावाशी मिळतं खातं काढून तुमच्या आधी ग्राहकाला मेसेज करतात, 'रिफंड देतो, हा क्यूआर स्कॅन करा.' म्हणून बाहेरच्या उत्तरात शेवटी एक ओळ घाला: 'आमचा मेसेज फक्त याच खात्यावरून येईल. पैसे मिळण्यासाठी पिन किंवा ओटीपी लागत नाही, कुणी मागितला तर देऊ नका.' या ओळीने ग्राहकही फसण्यापासून वाचतो, आणि आत का बोलवतोय हेही आपोआप कळतं.

आता या सगळ्याला एक मर्यादा आहे, आणि तुमच्या बाबतीत ती लागू होण्याची शक्यता बरीच आहे. तक्रार एका जोडाची असेल तोवरच ती आत नेता येते. सुभाषनगरच्या एका कारागिराच्या घरी मी जुलैत बसले होते. त्यांचीही अशीच एक तक्रार आलेली. मी म्हटलं, त्याच दिवशी भरलेले बाकीचे जोड उघडू या. पाठवायच्या राहिलेल्या सहा पिशव्या होत्या, चांगल्या जाड प्लास्टिकच्या, तोंडाला टेप लावून. पहिली उघडली आणि वासच आला. सहापैकी चार जोडांवर पट्ट्याच्या आतल्या बाजूला पांढरे ठिपके होते. जोड पुरते वाळायच्या आधीच भरले होते आणि पिशवीत ओल कोंडून राहिली होती. म्हणजे त्या आठवड्यात गेलेल्या सगळ्याच पार्सलांची हीच कथा असणार.

अशा वेळी एकेकाला मेसेजमध्ये गाठून मिटवत बसणं म्हणजे खरंच लपवणं. तिथं त्या चार जणांचं म्हणणं बरोबर ठरतं. आम्ही त्यांच्या पानावर सरळ लिहिलं की अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत पाठवलेले जोड दमट पिशवीमुळे खराब झालेले असू शकतात, ज्यांना मिळालेत त्यांनी उघडून बघा, बदलून देतो. वहीत त्या आठवड्याच्या अकरा ऑर्डरी होत्या, त्या सगळ्यांना आम्हीच फोन केले. पाच जणांनी जोड बदलून घेतला, बाकीच्यांचे चांगले निघाले. कारागिराच्या बायकोला वाटत होतं की आता कुणी ऑर्डरच देणार नाही. तिचं मन घाबरलं होतं ते मला समजत होतं, पण त्या अकरांपैकी एकानेही वाकडं लिहिलं नाही.

म्हणून आज आधी गोदामात जा. त्या ग्राहकाच्या ऑर्डरीबरोबर भरलेले जोड उघडून पट्ट्याची आतली बाजू आणि तळ बघा. ते कोरडे निघाले तर तक्रार एकाची आहे, वर सांगितलं तसं करा. दुसऱ्या एखाद्यावरही ठिपके निघाले, किंवा त्याच रीलखाली 'माझ्याही आल्या अशाच' असं कुणी लिहिलं, तर आत न्यायचा विषय संपला, बाहेरच बोलायचं.

एक आठवडा गेलाय म्हणून गप्प बसू नका. तुमची ती जुनी ओळ काढूही नका, तिच्याखालीच लिहा: 'मागच्या आठवड्यात मी घाईत फक्त डीएम करा म्हटलं, ते अपुरं होतं.' आणि पुढे पूर्ण उत्तर. त्या चौघांना वेगवेगळं उत्तर देत बसायची गरज नाही, हेच त्यांनाही उत्तर आहे.

शेवटची ओळ लिहायची ती जोड किंवा पैसे खरोखर पोचल्यावर. तिथं आपण काय केलं तेवढंच लिहायचं: 'सरांना मंगळवारी नवा जोड पोचला. जुना परत आला, तपासला, पिशवीत ओल कोंडून बुरशी धरली होती. शिलाई आमच्याकडूनच कच्ची राहिली होती. आता जोड दोन दिवस जास्त वाळवून, कागदात गुंडाळून, सिलिका जेलची पुडी घालून पाठवतो, पावसाळ्यात प्लास्टिक बंद.' रक्कम, पत्ता, आत त्यांनी आणखी काय सांगितलं, यातलं काही नाही. 'तक्रार निवारण झाले' असंही तुम्ही जाहीर करू नका, ते म्हणायचा हक्क ग्राहकाचा. तो लिहील किंवा लिहिणार नाही. बऱ्याचदा नुसता एक अंगठा येतो, तेवढ्यावर थांबा आणि 'आता दोन चांगले शब्द लिहा' असं मागू नका. परत आलेल्या जोडाचा, पट्टा उलटा करून ठिपके दिसतील असा एक फोटो मात्र काढून ठेवा. पुढच्या जूनमध्ये नवीन पोरगा भरायला बसेल तेव्हा त्याला दाखवायला तो लागेल.